कणकण, मळमळ आणि तोंड येणे : केमोथेरपीनंतरच्या शुश्रूषेतील तीन शब्द

‘ताप नाही, नुसती कणकण आहे’ हे वाक्य मराठी घरांतून नित्य ऐकू येते. त्यातील ‘नुसती’ हा शब्द तक्रारीचे मोल कमी करतो आणि ऐकणाऱ्याला निर्धास्त करतो. परंतु कर्करोगावरील केमोथेरपी घेतलेल्या रुग्णाने दहाव्या दिवशी हेच वाक्य उच्चारले, तर परिचारिकेला त्याचा नेमका उलट अर्थ घ्यावा लागतो. असे का होते, आणि मळमळ व तोंड येणे या दोन नेहमीच्या तक्रारींचा त्या कणकणीशी कोणता संबंध आहे, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट करावयाचे आहे.

केमोथेरपीची बहुतेक औषधे झपाट्याने विभागणाऱ्या पेशींवर आघात करतात. कर्करोगाच्या पेशी तशा असतात. पण अस्थिमज्जेतील रक्तजनक पेशी आणि तोंडापासून आतड्यापर्यंतचे अस्तर याही तशाच असतात. मज्जेचे काम मंदावले की रक्तातील न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी प्रथम घटतात, कारण त्यांचे आयुष्य अल्प असते. पुष्कळशा औषधांच्या बाबतीत ही घट साधारणपणे सातव्या ते चौदाव्या दिवसांच्या दरम्यान तळाला पोहोचते. दर घनमिलिमीटर रक्तात न्यूट्रोफिलची संख्या ५०० च्या खाली गेली, तर ती अवस्था गंभीर मानतात. जेराल्ड बोडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ साली तीव्र रक्तकर्काच्या रुग्णांविषयी दाखवून दिले की ही संख्या जितकी कमी आणि जितके अधिक दिवस कमी, तितका जंतुसंसर्गाचा धोका अधिक. आजचा व्यवहार याच निष्कर्षावर उभा आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेविली पाहिजे. पू हा मुख्यतः न्यूट्रोफिल पेशींचाच बनलेला असतो. त्या पेशी नसल्या म्हणजे जखमेत पू होत नाही, सूज व लाली अल्प राहते, फुप्फुसाचा दाह असूनही क्ष-किरण चित्र प्रारंभी स्वच्छ दिसू शकते, आणि लघवीत जंतू असूनही पूपेशी आढळत नाहीत. सारांश, संसर्गाच्या ज्या खुणा आपण डोळ्यांनी वाचतो त्या पुसल्या जातात. ताप ही खूण मात्र बहुधा शिल्लक राहते, कारण तो उत्पन्न करणारे संदेश अन्य पेशींकडूनही मेंदूकडे जातात. म्हणून या काळात परिचारिकेपाशी दोनच साधने उरतात : तापमापक आणि रुग्णाचे बोलणे.

एक कल्पित परंतु नमुनेदार उदाहरण घेऊ. सातारा जिल्ह्यातील पंचेचाळीस वर्षांची एक शेतकरी स्त्री स्तनाच्या कर्करोगासाठी मुंबईत उपचार घेत आहे. डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फमाइड ही दोन औषधे तिला दर एकवीस दिवसांनी शिरेतून दिली जातात. औषध दिले त्या दिवसाला आपण पहिला दिवस म्हणू. मुलीसह ती रुग्णालयाजवळ खोली घेऊन राहते.

प्रथम मळमळ येते. या दोन औषधांचा जोड प्रबळ वमनकारक गणला जातो, म्हणून औषधापूर्वीच प्रतिबंधक गोळ्या व इंजेक्शने देतात. त्यांत ऑन्डान्सेट्रॉन, ॲप्रेपिटंट, डेक्सामेथासोन आणि बहुधा रात्री घ्यावयाचे ओलान्झापिन यांचा समावेश असतो. पहिल्या चोवीस तासांतील मळमळ रुग्णालयाच्या नजरेत असते. दुसऱ्या ते पाचव्या दिवसांतील उशिराची मळमळ मात्र घरी येते आणि सांगायची राहून जाते. परिचारिकेने फोनवर ‘उलटी झाली का?’ असे विचारले, तर ‘नाही, सिस्टर’ असे खरे उत्तर मिळते, आणि दोन दिवस अन्न गेले नाही ही गोष्ट झाकली जाते. शिवाय आपल्याकडे मळमळीला ‘पित्त झालंय’ असे म्हणण्याची रीत आहे. पित्त हे घरचे दुखणे. त्यावर घरचा उपाय करावयाचा, दवाखान्याला कळवायचे नाही, असा त्या शब्दाचा ध्वनी आहे. यास्तव प्रश्न मोजता येईल असा हवा : ‘मावशी, काल दिवसभरात किती भाकरी पोटात गेली? पाणी किती तांबे प्यालात? लघवी किती वेळा झाली, रंग कसा होता?’ चोवीस तासांत पातळ पदार्थही टिकत नसतील, तर तो रुग्णालयात येण्याचा प्रसंग होय. गोळ्या मळमळ सुरू झाल्यावर नव्हे, तर दिलेल्या वेळी घ्यावयाच्या असतात, हेही प्रारंभीच सांगावे लागते.

या औषधांचे दोन परिणाम पुढच्या आठवड्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. ऑन्डान्सेट्रॉनने मलावरोध होतो. कुंथण्याने गुदद्वाराशी चीर पडली, तर तेथील जंतूंना रक्तात जाण्यास वाट मिळते. म्हणून मल मऊ करणारे औषध तोंडावाटे देतात. एनिमा, गुदमार्गे द्यावयाची औषधी वडी किंवा गुदद्वारातून ताप मोजणे या गोष्टी न्यूट्रोफिल घटलेल्या काळात वर्ज्य असतात. दुसरे असे की डेक्सामेथासोन ताप दाबू शकते. ते चालू असताना तापमापक सर्वस्वी विश्वासार्ह राहत नाही.

सहाव्या-सातव्या दिवशी आपल्या उदाहरणातील बाई सांगतात, ‘तोंड आलंय.’ तोंडाचे अस्तर एक-दोन आठवड्यांत नवे होत असते; नव्या पेशींचा पुरवठा थांबला की ते पातळ होऊन फाटते. ‘तोंड आले’ या एका शब्दप्रयोगात मात्र लालीपासून खोल व्रणापर्यंत सर्व काही सामावते, बुरशीचे पांढरे डागही त्यात येतात. म्हणून परिचारिका प्रकाशात तोंड पाहते. हलके पुसता निघणारा आणि खाली लाल जागा सोडणारा पांढरा थर असेल, तर बुरशीचा संशय घेऊन डॉक्टरांना कळविते, कारण तिचे औषध निराळे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या श्रेणी खाण्याच्या क्षमतेवर आधारलेल्या आहेत, आणि त्या मराठी घरातील अन्नाच्या भाषेत सहज विचारता येतात. नुसती आग किंवा लाली ही पहिली श्रेणी. व्रण आहेत पण भाकरी खाता येते ती दुसरी. फक्त पेज किंवा दूधच जाते ती तिसरी. आणि तोंडावाटे काहीच घेता येत नाही ती चौथी.

तोंडाची निगा साधी आहे, पण ती सातत्याने करावी लागते. एक कप कोमट पाण्यात पाव चहाचा चमचा खाण्याचा सोडा आणि त्याच्या निम्मे मीठ घालून दर दोन-चार तासांनी, तसेच जेवणानंतर गुळण्या करावयाच्या आणि मग साध्या पाण्याने तोंड धुवावयाचे. मऊ ब्रश वापरावयाचा. मद्यार्कयुक्त माउथवॉश टाळावयाचे. गुळण्यांनी व्रण लवकर बुजतात असे नाही. तोंड स्वच्छ व ओले राहते आणि वेदना काहीशी कमी होते, एवढीच त्यांची मर्यादा आहे. ग्रामीण महाराष्ट्रातील स्त्रियांना आणखी एक प्रश्न नाव घेऊन विचारावा लागतो, तो मिश्रीचा. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला मिश्री लावणारी स्त्री प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणते, कारण तिच्या लेखी मिश्री खाण्याची वस्तू नव्हे, दात घासण्याची आहे. वस्तुतः ती भाजलेल्या तंबाखूची पूड असून फाटलेल्या अस्तरावर तिचे घर्षण व दाह दोन्ही होतात.

आता दहावा दिवस. मुलगी सायंकाळी फोन करते : ‘सिस्टर, आईला ताप नाही, नुसती कणकण आहे. तापाची गोळी देऊ का?’ परिचारिका प्रथम सांगते की गोळी द्यावयाची नाही. पॅरासिटॅमॉलने ताप उतरेल, संसर्ग तसाच राहील आणि एकमेव खूणही जाईल. मग ती विचारते, ‘ताई, ताप मोजला का? किती आला? तापमापक कुठे ठेवला होता?’ उत्तर येते : ९९.९ अंश फॅरनहाइट. तोंडात व्रण असल्यामुळे काखेत. तिसऱ्या प्रश्नामुळे अर्थ पालटतो. काखेतील नोंद तोंडातील नोंदीपेक्षा साधारणपणे अर्ध्या ते एक अंशाने कमी असते. तोंडात एकदा १०१ किंवा तासभर टिकलेला १००.४ अंश ही तापाची रूढ मर्यादा आहे. अर्थात् ही बाई तिच्या उंबरठ्यावर उभी आहे. परिचारिका त्यांना तत्काळ येण्यास सांगते.

रुग्णालयात कानातून मोजलेला ताप १०१.२ अंश निघतो. रक्ताचा अहवाल असा : एकूण पांढऱ्या पेशी १,२००, त्यांत प्रौढ न्यूट्रोफिल शेकडा २० आणि अपक्व न्यूट्रोफिल शेकडा ५. दोन्ही मिळून शेकडा २५, आणि १,२०० चे शेकडा २५ म्हणजे ३००. संख्या ५०० च्या खाली आहे. दोन निरनिराळ्या जागांहून जंतुपरीक्षेसाठी रक्त घेऊन, तिच्या निकालाची वाट न पाहता, आल्यापासून एका तासाच्या आत शिरेतून प्रतिजैविक सुरू करावयाचे असते. विलंबाचे कारण बहुधा औषधाचा अभाव हे नसून, ‘विशेष काही दिसत नाही’ हे समाधान असते. पू नाही, खोकला नाही, रुग्ण बोलते आहे. तरीही काही तासांत रक्तदाब कोसळू शकतो. नाडी जलद होणे, हुडहुडी भरणे, बोलण्यात असंबद्धता येणे, लघवी कमी होणे या त्याच्या पूर्वखुणा होत. वृद्धांत आणि डेक्सामेथासोन घेणाऱ्यांत ताप न येताही हे घडते. क्वचित् अंग थंड पडते.

हे जंतू आले कोठून? बहुतेक वेळा ते रुग्णाच्याच तोंडातून, आतड्यातून किंवा त्वचेवरून आलेले असतात. म्हणूनच स्वतंत्र खोली आणि मुखपट्टी यांनी सर्व काम भागत नाही. हात धुणे ही सर्वांत उपयुक्त खबरदारी. सर्दी-खोकला असलेल्याने जवळ न येणे ही दुसरी. आहाराविषयी जुने कडक निर्बंध संसर्ग कमी करतात असे सिद्ध झालेले नाही. फळे स्वच्छ धुऊन सोलून द्यावीत. कच्चे मांस, कच्ची अंडी व न तापविलेले दूध टाळावे, एवढे पुरते. जिला आधीच अन्न जात नाही तिची फळे व कोशिंबीर भीतीने बंद करणे हे नुकसानीचेच ठरते.

यावरून तीन तक्रारींची साखळी स्पष्ट व्हावी. मळमळीने खाणेपिणे घटते व तोंड कोरडे पडते, अस्तर फाटते, फटीतून जंतू आत जातात, आणि त्यांना अडविणाऱ्या पेशी त्याच दिवसांत सर्वांत कमी असतात. रुग्ण मात्र या तीन गोष्टी पित्त, तोंड येणे आणि कणकण अशा तीन घरगुती शब्दांनी, तीन निरनिराळ्या दिवशी सांगतो. ज्यांना रुग्णालयीन मराठीचा अभ्यास करावयाचा आहे, त्यांनी या शब्दांचे अर्थ कोशात पाहून थांबू नये. कोणत्या प्रश्नाला ते उत्तर म्हणून येतात, आणि कोणत्या प्रश्नाने ते येतच नाहीत, याची नोंद करावी. घरी जाणाऱ्या रुग्णाच्या कागदावर ‘ताप आल्यास कळवावे’ असे लिहिलेले असते. त्याऐवजी ‘कणकण वाटली तरी ताप मोजावा, गोळी घेण्यापूर्वी फोन करावा, आणि तापमापक कोठे ठेविला ते सांगावे’ असे लिहिले, तर तो कागद रुग्णाच्या भाषेत बोलेल.