उतरणाऱ्याने थांबायचं

स्पितीला जाताना ग्रांफू ते बातल हा रस्ता बहुतेक ठिकाणी एकाच गाडीपुरता आहे. समोरून गाडी आली की कोणी थांबायचं? भारतातला नियम स्पष्ट आहे: अरुंद घाटात उतरणाऱ्याने बाजूला थांबून चढणाऱ्याला वाट द्यायची. चढावर थांबलेली भरलेली गाडी सुट्या खडीवर पुन्हा उचलताना चाकं जागच्या जागी फिरतात, गाडी मागे घसरते. उतरणारा मागे जातो तेव्हा चढाकडे जातो, त्यामुळे गाडी क्लचवर ताब्यात राहते.

पण खरा निर्णय समोरासमोर येण्याआधीच घ्यायचा असतो. दूरच्या वळणावर धूळ दिसली की पुढची रुंद जागा हेरायची आणि तिथेच थांबायचं. ‘अजून थोडं पुढे जाऊ’ इथेच माणूस अडकतो.

समजा, तुम्ही उतरताय, मागे दोन ट्रक आहेत आणि चढणाऱ्या एकट्या जीपमागे वीस मीटरवर रुंद जागा आहे. मग जीपनेच मागे जाणं शहाणपणाचं. सोबत्याला खाली उतरवून दरीकडचं चाक बघायला सांगा. कडेची ओली माती वरून घट्ट दिसते, पण वजनाने ढासळते.