पाच मिनिटांचं बोलणं, वीस गुण

दहावीच्या लेखी उत्तरपत्रिकेबद्दल शंका असेल तर मंडळाकडून तिची छायाप्रत मागवता येते, पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो. बोललेल्या वाक्याचं तसं नाही. मुलगा बोलला, वाक्य हवेत विरलं, उरला तो समोर बसलेल्या शिक्षकाच्या कानावर उमटलेला ठसा. तरीही नीट आखलेल्या तोंडी परीक्षेत दोन शिक्षक एकमेकांशी एक शब्दही न बोलता त्याच मुलाला जवळजवळ सारखेच गुण देतात. इतक्या निसटत्या गोष्टीचं इतकं स्थिर माप निघतं कसं, याचा विचार करू लागलो की मी थक्क होतो.

हे माप माणसाला सहज सापडलेलं नाही. केंब्रिज विद्यापीठानं १९१३ मध्ये परभाषकांसाठी इंग्रजीची पहिली परीक्षा घेतली. तीत लेखनाबरोबर श्रुतलेखन, मोठ्यानं वाचन आणि संभाषणही होतं. उमेदवार तीनच होते आणि तिघेही नापास झाले. आपल्याकडे दहावीच्या भाषा विषयांना ८० गुण लेखी परीक्षेला आणि २० गुण शाळेकडच्या तोंडी व अंतर्गत मूल्यमापनाला अशी विभागणी आहे. २०१८-१९ मध्ये शाळेकडचे हे २० गुण काढून घेतले. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. पुढच्या वर्षी हे गुण परत आले आणि निकाल ९५.३० टक्के लागला. २०१९ मध्ये पाठ्यपुस्तकं आणि प्रश्नपत्रिकेचा आराखडाही नवा होता, त्यामुळे सगळी घसरण तोंडीच्या खात्यावर टाकता येणार नाही. पण त्या दोन वर्षांत एक प्रश्न उघडा पडला: शाळेनं दिलेले ते २० गुण मुलाच्या बोलण्याबद्दल नक्की काय सांगत होते?

तेव्हा नाशिक जिल्ह्यातल्या मराठी माध्यमाच्या नववी-दहावीच्या वर्गासाठी इंग्रजी बोलण्याची एक चाचणी पायापासून आखून पाहू. दर मुलाला पाच मिनिटं, एकूण २० गुण.

पहिली अडचण प्रश्नाचीच. ‘तुम्ही केलेल्या विमानप्रवासाचं वर्णन करा’ हे कार्ड अन्यायाचं आहे, हे कुणीही सांगेल. ज्यानं विमान पाहिलं ते आभाळातच, त्याला इंग्रजी येत असूनही सांगायला काही नाही. मग सगळ्यांच्या अनुभवातला विषय घेऊ, पाऊस. ‘पावसानं तुमचा एखादा बेत मोडला तो दिवस सांगा.’ हे रास्त वाटतं खरं, पण जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवला की घोटाळा लक्षात येतो. इगतपुरी घाटमाथ्यावर आहे, तिथल्या मुलाकडे अशा दिवसांचा साठा असतो. येवला पर्जन्यछायेत आहे, तिथं लोक पावसाची वाट पाहतात. एकच कार्ड, एकच जिल्हा, आणि एका मुलाला भरलेली शिदोरी तर दुसऱ्याला रिकामी. द्राक्षबागेवरचं कार्डही असंच. निफाडच्या शेतकऱ्याच्या मुलीला ते सोपं जाईल, सिडकोतल्या सदनिकेत वाढलेल्या मुलाला जड.

यातून बाहेर पडण्याची वाट फार सुंदर आहे. विषय बाजूला ठेवायचा आणि त्याच्या आतला सांगाडा घ्यायचा. पावसाच्या कार्डात आपल्याला खरं तर काय ऐकायचं होतं? एक बेत होता, तो फसला, मग आम्ही हे केलं. एवढाच सांगाडा ठेवला तर कार्ड असं होतं: ‘तुम्ही काहीतरी ठरवलं होतं. ते झालं नाही. बेत काय होता? काय अडलं? मग तुम्ही काय केलं?’ असा दिवस प्रत्येक मुलाच्या आयुष्यात असतो. पाऊस, चुकलेली एसटी, गेलेली वीज, अचानक आलेले पाहुणे, ज्याला जे भेटलं ते. भाषेची मागणी मात्र सगळ्यांना सारखीच: भूतकाळ, क्रम आणि कारण. मोजायचं तेवढंच समान ठेवायचं, बाकीचं मुलावर सोडायचं.

याच सांगाड्यानं दुसरी एक जुनी दुखरी जागाही बरी होते. चाळीस मुलांना पाच-पाच मिनिटं म्हणजे २०० मिनिटं, सव्वातीन तासांच्या वर. इतक्या वेळात पहिला मुलगा बाहेर पडतो आणि ‘काय विचारलं रे?’ म्हणत सगळे त्याच्याभोवती जमतात. एकच कार्ड असेल तर विसाव्या मुलापर्यंत उत्तर पाठ झालेलं असतं. म्हणून त्याच जातीची आणखी कार्डं करायची: हरवलेली वस्तू, उशीर झालेली सकाळ, झालेला गैरसमज. प्रत्येकात काय ठरलं किंवा काय घडलं, काय अडलं आणि पुढं काय केलं, हे तीनच टप्पे. कार्डावरचं इंग्रजी सातवीच्या पुस्तकाहून अवघड नको आणि शिक्षकानं ते मोठ्यानं वाचूनही दाखवायचं. नाहीतर बोलण्याच्या नावाखाली वाचनाचीच परीक्षा होते.

आता पाच मिनिटांची वाटणी. सुरुवातीला अर्धं मिनिट नाव-गाव, ज्याला गुण नाहीत; घसा मोकळा होण्यापुरतंच. मग एक मिनिट विचाराला. त्यानंतर दीड ते दोन मिनिटं मुलाचं बोलणं आणि उरलेल्या वेळात दोन पाठपुरावा प्रश्न: ‘तेव्हा तुम्हाला कुणी मदत केली?’ आणि ‘पुन्हा असं झालं तर वेगळं काय कराल?’ हे प्रश्न शब्दशः लिहून ठेवायचे आणि सगळ्यांना तसेच विचारायचे. मुलाला कळलं नाही तर एकदाच, सोप्या शब्दांत, तेही आधी ठरवलेल्या. पहिल्या प्रश्नाला कच्चा मुलगाही ‘माय अंकल’ म्हणून उत्तर देऊ शकतो. दुसऱ्यात तयारीच्या मुलाला ‘इफ’ वापरून उंच जाता येतं.

प्रश्न विचारल्यावर शिक्षकानं किती थांबायचं, हेही ठरवावं लागतं. अमेरिकेतल्या शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांतली संभाषणं तपासली, तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एक सेकंदच थांबतात असं दिसलं. तो वेळ तीन सेकंदांच्या वर नेला की मुलांची उत्तरं लांबली, ‘माहीत नाही’ कमी झालं. ज्या मुलाला वाक्य मराठीतून इंग्रजीत आणायचं आहे त्याच्यासाठी हे दोन सेकंद किती मोलाचे असतील! आपल्या चाचणीत मनातल्या मनात पाचपर्यंत मोजायचं, मगच प्रश्न पुन्हा विचारायचा.

आता गुण. कानाला एका वेळी थोड्याच गोष्टींवर लक्ष ठेवता येतं, म्हणून निकष चारच, प्रत्येकी पाच गुणांचे: आशय, ओघ, भाषा, उच्चार. ‘उत्तम’, ‘बरा’, ‘साधारण’ हे शेरे मात्र चालणार नाहीत, कारण माझं ‘बरं’ तुमचं ‘उत्तम’ असू शकतं. पायरीवर कानाला ऐकू येईल असंच लिहायचं. आशयाची पाचवी पायरी: तिन्ही टप्पे न विचारता सांगितले. तिसरी: तिन्ही टप्पे आले, पण विचारून काढावे लागले. पहिली: विषयाला धरून शब्द आले, घटना आली नाही. भाषेची चौथी: भूतकाळ बहुतेक जागी बरोबर, कारण जोडून सांगितलं. दुसरी: वाक्यं तुटक, काळ बहुतेक चुकलेला, तरी अर्थ लागतो. उच्चारासाठी कसोटी एकच: पुन्हा विचारावं लागलं का? मराठी जिभेवर इंग्रजीतले दोन वेगळे ‘व’ एकच होतात, त्यामुळे द्राक्षाचा वेल आणि द्राक्षाची दारू एकसारखीच ऐकू येते. मुलगी बागेबद्दल बोलत असेल तर ऐकणारा अडत नाही. गुण कापायचं कारण नाही.

दोन मुलं समोर बसवून पाहू. पहिली मुलगी खणखणीत आवाजात सुरू करते: ‘रेनी सीझन इज माय फेव्हरिट सीझन. नेचर लुक्स व्हेरी ब्युटिफुल.’ मिनिटभर एकही अडखळणं नाही. दुसरा मुलगा चाचपडतो: ‘लास्ट मे वुई आर गोइंग टू माय मामाज हाऊस. बस... नॉट कम. वुई वेट टू अवर्स. देन माय फादर फोन टू अंकल. अंकल केम विथ टेम्पो.’ नुसत्या कानानं गुण दिले तर पहिली सरस. पण मदत कुणी केली, हे विचारल्यावर ती अडखळत एक-दोन वाक्यंच बोलते, कारण तिच्या निबंधात बेतही नव्हता आणि अडचणही. मुलगा मात्र सांगतो की काकांचा टेम्पो कांदे घेऊन लासलगावला निघाला होता.

ओघ आणि भाषेचे गुण पाठ नसलेल्या बोलण्यावरच द्यायचे, असा नियम आधीच लिहिलेला आहे. म्हणून मुलीला आशय १, ओघ २, भाषा ३, उच्चार ५, एकूण ११. मुलाला आशय ५, ओघ ३, भाषा २, उच्चार ४, एकूण १४. त्याच्या चुका माफ झालेल्या नाहीत, भाषेच्या रकान्यात त्या पुरत्या मोजल्या गेल्या आहेत. फक्त त्या शेजारच्या रकान्यांत सांडलेल्या नाहीत.

हे सांडणं थोपवणं हेच सर्वांत कठीण. एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञानं १९२० मध्ये दाखवलं की लष्करी अधिकारी आपल्या हाताखालच्या माणसांची देहयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य अशा गुणांची वेगवेगळी प्रतवारी करायला बसले, तरी सगळे आकडे एकमेकांच्या मागे धावत होते. एक गोष्ट आवडली की बाकीच्याही आवडत जातात. वर्गशिक्षकाच्या कानात तर मुलीचं सुंदर अक्षर आणि मागच्या सत्राचे गुण आधीच बसलेले असतात. म्हणून प्रश्न एकानं विचारावेत आणि गुण शेजारी बसलेल्या दुसऱ्यानं द्यावेत, शक्यतो त्या वर्गाला न शिकवणाऱ्यानं.

चाचणीआधी पाच मुलांचं बोलणं मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून दोन्ही शिक्षकांनी स्वतंत्र गुण लिहावेत आणि मगच कागद शेजारी ठेवावेत. एखाद्या निकषात एकापेक्षा जास्त गुणाचा फरक पडला, तर पायरीवरचं वाक्य संदिग्ध आहे असं समजून ते बदलावं. जेवणाच्या सुट्टीनंतर सकाळचं पहिलं ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकावं. गुण घसरले किंवा चढले तर आपलाच कान सरकला आहे. आणि चाळीसही मुलं १८ ते २० मध्ये दाटली, तर सगळा वर्ग अचानक बोलका झाला असं समजू नये. त्या पट्टीच्या खालच्या खुणा कुणी वापरल्याच नाहीत, इतकाच त्याचा अर्थ.

या मापालाही हद्द आहे. पाच मिनिटं हा छोटा नमुना आहे, धास्तावलेला मुलगा त्यात आपल्या कुवतीपेक्षा खालीच मोजला जातो आणि कुठलाही निकष ती धास्ती वजा करू शकत नाही. पण कार्डाचा सांगाडा आणि पाठपुराव्याचे प्रश्न मुलांना जूनमध्येच सांगून टाकता येतात. त्यातून परीक्षा फुटत नाही, कारण घडलेली गोष्ट ज्याची त्याला आणि आपल्याच शब्दांत सांगावी लागते. ‘रेनी सीझन’ पाठ करून काही हाती लागत नाही हे एकदा कळलं की तयारीचा एकच मार्ग उरतो: शेजारच्या बाकावरच्याला आपला फसलेला बेत इंग्रजीत सांगायचा आणि त्याच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची.