साडेआठ टक्क्यांचा रोखा, पाच टक्क्यांचा परतावा

2012 ते 2016 या काळात राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, हुडको, रेल्वेची आयआरएफसी अशा सरकारी संस्थांनी करमुक्त रोखे विकले. दर्शनी किंमत एक हजार रुपये आणि वर्षातून एकदा व्याज. आता नवे रोखे निघत नसल्याने ते शेअर बाजारात दुसऱ्याकडूनच घ्यावे लागतात, आणि ते बहुधा हजारांहून महाग मिळतात. कारण उघड आहे: रोखा निघाला तेव्हाचा व्याजदर जास्त होता. दर उतरले की जुन्या रोख्याला मागणी येते आणि भाव चढतो.

समजा, कूपन दर साडेआठ टक्के आहे, मुदतीची पाच वर्षे उरली आहेत आणि भाव आहे 1,150 रुपये. व्याज दर्शनी किमतीवरच मिळते, म्हणजे वर्षाला 85 रुपये. तुम्ही मोजलेल्या 1,150 रुपयांवर ते 7.4 टक्केच पडतात. पण हिशेब इथे संपत नाही, कारण मुदत संपल्यावर हातात येतील ते हजारच. जादा मोजलेले दीडशे रुपये परत मिळत नाहीत.

पाच वर्षांचे व्याज 425 रुपये. त्यातून हे दीडशे वजा केले की निव्वळ कमाई उरते 275, म्हणजे वर्षाला 55 रुपये. गुंतलेली रक्कम 1,150 पासून 1,000 पर्यंत उतरते, तिची सरासरी 1,075. त्यावर 55 रुपये म्हणजे सुमारे 5.1 टक्के. हा झाला ढोबळ अंदाज. कोणती रक्कम केव्हा हाती येते हे धरून नेमका दर काढला, तर तो 5.03 टक्के येतो. यालाच यील्ड टू मॅच्युरिटी म्हणतात. एक्सेलमध्ये तो एका ओळीत निघतो:

```
=RATE(5,85,-1150,1000)
```

या आकड्यालाही मर्यादा आहेत. रोखा मुदतीपर्यंत ठेवला आणि आलेले व्याज त्याच दराने पुन्हा गुंतवले, तरच तो खरा ठरतो. मधेच विकला, तर त्या दिवशीचा बाजारभाव मिळेल. शिवाय शेअर बाजारात दिसणाऱ्या भावात मागील हप्त्यानंतर साचलेले व्याजही धरलेले असते. व्याजाची तारीख जवळ आलेला रोखा म्हणूनच महाग दिसतो. ते वजा केल्याशिवाय दोन रोख्यांची तुलना करू नये.

पाच टक्के करमुक्त म्हणजे वाईट नाही. अधिभाराची पायरी न गाठणाऱ्या, तीस टक्के करपट्टीतल्या माणसाला हाती तेवढेच उरण्यासाठी मुदत ठेवीवर सुमारे 7.3 टक्के व्याज मिळावे लागेल. कमी करपट्टीत असाल, तर बँकेची ठेवच सरस ठरू शकते. म्हणून दलालाने साडेआठ टक्के सांगितले, की आजच्या भावाला यील्ड टू मॅच्युरिटी किती, हे विचारा आणि त्याच आकड्यावर निर्णय घ्या.