आकड्यामागचे काम

स्वयंसेवी संस्था देणगीदाराकडे प्रस्ताव पाठवते तेव्हा त्यासोबत अंदाजपत्रकाचा तक्ता असतो. तक्त्याला जोडून आणखी एक टिपण द्यावे लागते. प्रत्येक ओळीतली रक्कम कशासाठी लागते आणि ती कशी काढली, हे त्यात लिहायचे असते. संस्थांच्या बोलण्यात याला ‘बजेट जस्टिफिकेशन’ म्हणतात. बहुतेक ठिकाणी हे शेवटच्या रात्री, तक्त्यातलेच शब्द लांबवून लिहिले जाते. ‘प्रवास खर्च रु. १,००,०००. कार्यकर्त्यांच्या प्रवासासाठी ही रक्कम आवश्यक आहे.’ या वाक्यातून वाचणाऱ्याला नवीन काहीच कळत नाही. शिवाय रक्कम इतकी गोल आहे की हिशेब झालेला नाही, हे लगेच ओळखू येते.

एक उदाहरण घेऊ. नंदुरबारच्या धडगाव तालुक्यात एका संस्थेला लहान मुलांच्या पोषणाचे काम करायचे आहे, असे समजा. २४ पाडे निवडले आहेत. प्रत्येक पाड्यावर महिन्यातून दोनदा जाऊन मुलांची वजने घ्यायची, आयांची बैठक घ्यायची आणि घरभेटी करायच्या. एका भेटीला एक पूर्ण दिवस जातो. म्हणजे महिन्याला ४८ भेटी झाल्या. नोंदी, मासिक बैठक, सुट्ट्या वगळल्या तर एक कार्यकर्ती महिन्यात १६ दिवस पाड्यांवर जाऊ शकते. ४८ भागिले १६, म्हणून ३ कार्यकर्त्या. दरमहा १५,००० रुपये पगार धरला तर वर्षाचे ५,४०,००० होतात. ‘तीनच का?’ या प्रश्नाचे उत्तर आता टिपणातच आहे.

प्रवासाची ओळही याच ४८ भेटींवर उभी राहते. जाऊन-येऊन सरासरी ४० किलोमीटर धरले, तर महिन्याला १,९२० किलोमीटर होतात. दुचाकीचा दर किलोमीटरला ४ रुपये, म्हणजे महिन्याला ७,६८०. इथे सवयीने बाराने गुणले जाते, आणि चूक होते ती इथेच. जुलै-ऑगस्टमध्ये डोंगरातले काही रस्ते बंद पडतात. म्हणून दुचाकीचे दहा महिने धरायचे, म्हणजे ७६,८०० रुपये, आणि पावसाळ्यातल्या जीपभाड्याची व मुक्कामाची ओळ वेगळी दाखवायची. टिपणातले वाक्य मग असे होते: ‘तीन कार्यकर्त्या २४ पाड्यांना महिन्यातून दोनदा भेट देतील. सरासरी ४० कि.मी., दर ४ रु. प्रति कि.मी. (संस्थेच्या प्रवास नियमानुसार), १० महिने.’ काम, संख्या, दर आणि दराचा आधार या चारही गोष्टी त्यात आल्या. वजनकाट्यांसाठी हाच आधार दुकानदारांच्या कोटेशनचा असेल.

सर्वाधिक प्रश्न येतात ते वाटून घेतलेल्या खर्चांवर. समन्वयकाचा पगार ३०,००० आहे आणि तिचा निम्मा वेळ या प्रकल्पाला जाणार आहे, तर १५,००० च मागायचे आणि उरलेला अर्धा पगार कुठून येतो तेही लिहायचे. दोन देणगीदारांकडे प्रत्येकी ६० टक्के लावले, तर एका माणसाचा १२० टक्के पगार मागितल्यासारखे होते. प्रस्ताव वाचताना हे कदाचित सुटेल. लेखापरीक्षणात सुटत नाही.

निधी परदेशी असेल तर कायद्याची मर्यादाही पाळावी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी निधीतला प्रशासकीय खर्च वर्षाला २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. पूर्वी ही मर्यादा ५० टक्के होती. दवाखान्यातले डॉक्टर, शाळेतले शिक्षक यांसारख्या प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचे पगार नियमांनुसार प्रशासकीय खर्चात धरले जात नाहीत. म्हणूनच पाड्यावर जाणाऱ्या कार्यकर्तीला टिपणात नुसते ‘स्टाफ’ म्हणू नये. ती रोज काय करते, हे लिहावे. हिशेबनीस, कार्यालयाचे भाडे, ऑडिट फी हे खर्च मात्र लपवू नयेत. ते ‘इतर’ या ओळीत कोंबले की कात्री पहिल्यांदा त्याच ओळीला लागते. हिशेबनिसाच्या वेळेचा २० टक्के भाग या प्रकल्पाच्या पावत्या आणि तिमाही अहवालांवर जातो, असे सरळ सांगितले तर तो खर्च समजण्याजोगा होतो.

पाठवण्याआधी एक तपासणी जरूर करावी. अंदाजपत्रक न पाहिलेल्या सहकाऱ्याला फक्त टिपण द्यावे आणि त्यावरून तक्ता पुन्हा मांडायला सांगावे. जी रक्कम जुळत नाही, तिथे टिपणात काहीतरी राहिले आहे किंवा कार्ययोजनेत २४ पाडे आणि बजेटमध्ये २० असा घोळ झाला आहे.

निधी मिळाल्यावरही हे टिपण संपत नाही. पेट्रोल महागले, कार्यकर्ती मध्येच सोडून गेली, तर एका ओळीतली रक्कम दुसरीकडे वळवण्याची परवानगी मागताना याच हिशेबाचा आधार घ्यावा लागतो. म्हणून ते हिशेबनिसावर एकट्यावर सोडू नका. पाड्यावर जाणाऱ्या कार्यकर्तीला शेजारी बसवून लिहा, कारण कोणता रस्ता कधी बंद होतो हे तिलाच माहीत असते.