गोटमारीची केस: तथ्यापासून शिफारशीपर्यंत

समाजकार्याच्या वर्गात केस स्टडी लिहायला सांगितली, की बहुतेक वेळा पहिली चार पानं माहितीची निघतात आणि शेवटच्या अर्ध्या पानावर शिफारशी येतात. मधला पूल कुठेच नसतो. ‘जनजागृती करावी, प्रशासनाने लक्ष द्यावे’ ही वाक्यं कुठल्याही केसला चिकटवता येतात, आणि खरी अडचण तीच आहे. तो पूल कसा बांधायचा, हे मी आपल्या पांढुर्ण्याच्या गोटमारीवर दाखवतो. ती सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे ओळख थोडक्यात उरकतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा लावतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव. पांढुर्ण्याच्या बाजूने झाड तोडून झेंडा आणायचा, सावरगावने तो आणू द्यायचा नाही आणि दोन्हीकडून दगड चालतात. दरवर्षी शेकडो लोक जखमी होतात, काही वर्षी जीवही गेले आहेत. पोलीस, रुग्णवाहिका, तात्पुरती उपचार केंद्रं असा बंदोबस्त असतो.

वरच्या परिच्छेदात मी मत घातलेलं नाही. ‘लोक अडाणी आहेत म्हणून दगड मारतात’ असं वाक्य तथ्यांच्या भागात शिरलं, तर पुढची शिफारस आपोआप ‘लोकांना शिकवा’ अशी होते. विश्लेषण झालेलंच नसतं, फक्त आधीचं मत परत निघतं.

यानंतर समस्येचं वाक्य. ‘गोटमार कशी थांबवावी?’ आणि ‘पुढच्या पोळ्याला गंभीर जखमा कशा कमी करता येतील?’ या दोन वेगळ्या केसेस आहेत. मी दुसरी घेतो, कारण तिचं उत्तर मोजता येतं.

आता रबरी चेंडूंचं बघा. दगडाऐवजी चेंडू वापरा, असा प्रयोग प्रशासनाने पूर्वी करून पाहिला आणि लोक पुन्हा दगडांवरच आले. शिफारस एकाच तथ्यावर उभी होती: दगड लागतो. पण या खेळात दगडाचं काम काय? झेंड्याकडे येणाऱ्याला मागे हटवणं. चेंडूने कोणी मागे हटत नाही, म्हणजे सामनाच उरत नाही. शिवाय झाडाची पूजा होते, तेव्हा लोकांच्या लेखी हा नुसता खेळही नाही. हे माझं वाचन आहे, आणि केसमध्ये ते ‘निष्कर्ष’ म्हणूनच लिहायचं, तथ्य म्हणून नाही.

मग पुढे कसं जायचं? मला सगळ्यात उपयोगी वाटतो तो कागद म्हणजे उपचार केंद्राची नोंद. त्यात चार गोष्टी शोधा: जखमी माणूस पात्रात होता की काठावर बघत होता, जखम कुठे झाली, किती वाजता, आणि दगड हाताने आला की गोफणीने. समजा, जास्त जखमी बघे निघाले. मग शिफारस अडथळे किती मागे सरकवायचे याची होईल. जास्त जण झेंड्याजवळचे आणि जखमा डोक्याच्या निघाल्या, तर तिथे जाणाऱ्यांना हेल्मेट हा पर्याय पुढे येतो. संध्याकाळच्या तासात आकडा चढत असेल, तर वेळेची मर्यादा. गाव तेच, नदी तीच, पण नोंद बदलली की शिफारस बदलते. बदलत नसेल, तर ती तथ्यांवर उभी नव्हती असं खुशाल समजावं.

पर्याय एकमेकांशी ताडून पाहताना कसोट्या आधी लिहून ठेवा, नाहीतर आवडता पर्याय जिंकेल अशा कसोट्या मागाहून सुचतात. इथे मला तीन पुरेशा वाटतात: गंभीर जखमा घटतील का, दोन्ही काठ मान्य करतील का, आणि एका वर्षात ते जमेल का. पूर्ण बंदी पहिल्या कसोटीत वर आहे, दुसरीत अडकते. चेंडूही दुसरीतच पडले. हेल्मेट दुसरीत टिकेल की नाही, हे वर्गात बसून ठरत नाही. दोन्ही काठांच्या जुन्या खेळाडूंना विचारावं लागतं. ‘हेल्मेट घालून कसली गोटमार!’ असं उत्तर आलं, तर तेही तथ्य म्हणून केसमध्ये जातं.

शेवटी शिफारशीचं वाक्य. त्यात कोण, कधी, किती आणि कशावरून कळेल हे यायला हवं. 2023 मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, त्यामुळे ‘कोण’ आता गावातच बसतं. पूर्वी हे छिंदवाड्याकडे बघून लिहावं लागायचं. माझा मसुदा असा: ‘जिल्हा प्रशासनाने पोळ्याच्या दोन महिने आधी दोन्ही काठांच्या प्रतिनिधींसोबत बसून झेंड्याजवळ जाणाऱ्यांसाठी हेल्मेट ठरवावे, यश हे उपचार केंद्रातून पुढे पाठवलेल्या डोक्याच्या जखमींच्या संख्येवरून, मागच्या वर्षाशी तुलना करून, मोजावे.’ याखाली एक मर्यादाही लिहावी लागते: जे जखमी केंद्रात न येता घरीच हळद लावून बसतात, ते या मोजणीत येत नाहीत.