नोंदीतून गळलेला सोफा

ग्राहकाने फोन ठेवला की कॉल सेंटरमधल्या एजंटच्या हाती मोजका वेळ उरतो. तिथल्या बोलीत त्याला ‘रॅप-अप’ म्हणतात. बहुतेक ठिकाणी तो एक-दोन मिनिटांचा असतो आणि पुढचा कॉल रांगेत थांबलेला असतो. तेवढ्यात तिकिटावर नोंद लिहायची: तक्रार काय होती, काय करून पाहिलं, शेवट काय झाला. ती वाचणार कोण? उद्या त्याच ग्राहकाचा कॉल घेणारा दुसरा एजंट, किंवा बाइकला शिडी बांधून घरी येणारा तंत्रज्ञ. दोघांनीही मूळ बोलणं ऐकलेलं नसतं. अकरा मिनिटांचं रेकॉर्डिंग ऐकत बसायला त्यांना सवडही नसते.

नाशिकमधल्या एका फ्लॅटचं उदाहरण घेऊ. घरात फायबरचं ब्रॉडबँड आहे. ग्राहकाचा फोन येतो, कॉल होतो आणि तिकिटावर नोंद उरते: ‘नेट चालत नाही. राउटर रीस्टार्ट केला. प्रश्न सुटला.’

तक्रार, उपाय आणि निकाल, तिन्ही रकाने भरले. वरवर पाहता नोंदीत खोट काढायला जागा नाही. पण कॉलमध्ये ग्राहक बरंच काही बोलला होता. नेट दिवसभर नीट असतं, संध्याकाळी आठनंतर अधूनमधून जातं. मग पाच-दहा मिनिटांत कधीकधी आपोआप येतंही. हे सगळं दोन आठवड्यांपासून, “म्हणजे नवा सोफा आणला त्याच सुमारास, कारण तेव्हा मुलं टीव्हीसमोर होती आणि मॅच बंद पडली”. सोफ्याचा उल्लेख एजंटला गप्पांमधला वाटला आणि तो गळला. सोफ्याचं सोडून देता येईल, पण ‘संध्याकाळी’ आणि ‘दोन आठवड्यांपासून’ हे दोन शब्दही त्याच्याबरोबर गेले. त्यांची किंमत मोठी होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तक्रार आली, तेव्हा तंत्रज्ञ पाठवला गेला. तो सकाळी अकराला पोहोचला. त्याने मीटर लावून वायरीतला प्रकाश मोजला, तो व्यवस्थित होता. ‘बिघाड आढळला नाही’ असं लिहून तो गेला. त्यात त्याची चूक नाही. बिघाड संध्याकाळचा होता आणि ते त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

तिसरा कॉल ज्या एजंटकडे गेला, तिने दोन साधे प्रश्न विचारले. शेवटचं नीट कधी चाललं? त्यानंतर घरात काय बदललं? मग तिने मोडेमचा इतिहास उघडला. फायबरच्या मोडेमची वीज गेली, तर तो बंद पडता पडता कंपनीच्या यंत्रणेला ‘माझी वीज गेली’ असा शेवटचा निरोप पाठवतो. प्रकाशच तुटला तर असा निरोप येत नाही. त्यामुळे ऑफिसात बसून दोन्ही प्रकार वेगळे ओळखता येतात. इथे आठवड्यातल्या चारही नोंदी रात्री आठ ते दहामधल्या आणि प्रकाश तुटल्याच्या होत्या. म्हणजे वीज, वाय-फाय, पासवर्ड हे सगळं एका फटक्यात बाजूला झालं.

कॉल रात्रीचाच होता. तिने मोडेमपर्यंत पोहोचणारा प्रकाश पडद्यावर पाहिला: उणे २७.४ डीबीएम. हा आकडा शून्याच्या जितका जवळ तितका प्रकाश जास्त. साधारण उणे २७ च्या खाली घसरला की मोडेम अडखळायला लागतो आणि त्याच्यावरचा LOS हा दिवा लाल लुकलुकतो. तिने सोफ्यावर बसलेल्यांना उठायला सांगितलं आणि पुन्हा आकडा घेतला: उणे २०.६. मधला फरक ६.८, म्हणजे प्रकाश जवळजवळ पाचपट वाढला. मागे झुकणारा सोफा भिंतीलगतच्या पिवळ्या वायरीवर रेलत होता. काचेचा तंतू घट्ट वाकला की प्रकाश वळणावर बाहेर सांडतो. संध्याकाळी सगळे टीव्हीपुढे बसत, तेव्हाच नेट जाई.

आता तिने लिहिलेली नोंद पाहा.

‘तक्रार: दोन आठवड्यांपासून रात्री ८ ते १० मध्ये नेट तुटतं, दिवसा नीट. ग्राहक म्हणतो, नवा सोफा आल्यापासून. पाहिलं: इतिहासात ४ वेळा प्रकाश तुटल्याची नोंद, वीज गेल्याची नाही. प्रकाश उणे २७.४, सोफ्यावरून उठल्यावर उणे २०.६, पुन्हा बसल्यावर उणे २७.१. आधीचे रीस्टार्ट: उपयोग तात्पुरता. अंदाज: सोफ्यामागे वायर दबते. केलं: सोफा वीतभर पुढे ओढवला, बसूनही उणे २०.८. बाकी: वायर तपासून बदलणे, भेट रात्री ८ नंतर किंवा सोफा मागे ढकलून. तिकिट उघडं.’

लांबी फार वाढलेली नाही. फरक असा की प्रत्येक कृतीपुढे तिचा परिणाम आहे. ‘रीस्टार्ट केला’ एवढंच लिहिलं, तर पुढच्या एजंटला तो उपयोगी पडला की नाही ते कळत नाही. मग तो पुन्हा रीस्टार्टच सांगतो. “हे कालच करून झालंय हो” असं ग्राहक वैतागून म्हणतो, त्याचं मूळ बहुधा अशाच अर्ध्या नोंदीत असतं.

दुसरं असं की ग्राहकाचं म्हणणं, पडद्यावर दिसलेलं आणि एजंटचा अंदाज या नोंदीत वेगवेगळे आहेत. घाईत ‘वायर खराब’ असं ठाम लिहिण्याचा मोह होतो. वायर तर तिने पाहिलेलीच नाही. ती आतून तडकलीही असेल किंवा नुसती दबत असेल. अंदाज ‘अंदाज’ म्हणून लिहिला की तंत्रज्ञ इतर शक्यतांना दार उघडं ठेवतो. रीस्टार्टनंतर काही सुरू झालं, तर त्या वेळी चालू झालं एवढीच माहिती मिळते. कारण सापडलं असं म्हणता येत नाही. ‘सुटला’ या शब्दापुढेही, कुणी तपासलं आणि कसं, हे यायला हवं: ग्राहकाने स्वतः व्हिडिओ लावून पाहिला, की एजंटने दिवा हिरवा झाल्याचं फक्त ऐकलं?

काय गाळायचं, हेही ठरवावं लागतं. ग्राहकाने वाय-फायचा पासवर्ड सांगितला, बिलाच्या बोलण्यात कार्डामागचे तीन आकडे किंवा ओटीपी बोलून गेला, तर ते नोंदीत उतरता कामा नये. कारण तिकिट अनेकांच्या नजरेखालून जातं. ‘ग्राहक भांडखोर’ असा शेराही नको. ‘तिसऱ्यांदा फोन, आधीच्या भेटीत काही आढळलं नाही’ असं लिहिलं की पुढच्याला त्याचा राग समजतो आणि समोरच्या माणसावर शिक्काही बसत नाही.

भारतात दूरसंचार सेवेच्या तक्रारीला क्रमांक देणं ट्रायच्या २०१२ च्या नियमांनी बंधनकारक आहे. तक्रारीचं समाधान झालं नाही, तर ग्राहकाला कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. तिथे पहिली चौकशी होते ती त्या क्रमांकाची, आणि त्यामागे काय लिहून ठेवलंय त्याची. ‘रीस्टार्ट केला, प्रश्न सुटला’ ही ओळ तीन तारखांना तीनदा सापडली, तर तिचा जाब द्यायला कंपनीचाच माणूस अडचणीत येतो.

नाशिकच्या तिकिटावर पुढे तंत्रज्ञाची ओळ आली: ‘रात्री ८.२० ला भेट. वायर सोफ्याच्या पट्टीखाली चेपलेली, बदलून भिंतीवर वर घेतली. सोफा मागे झुकवून मोजलं, उणे २०.३. तीन दिवसांनी फोन करून विचारणे, मग बंद.’