नातवाचा हिस्सा आणि एक तृतीयांशाची मर्यादा

लेण्यांकडे येणाऱ्या प्रवाशांमुळे आणि २००२ पासून पूर्ण वाहता झालेल्या द्रुतगती मार्गामुळे मावळात घर-जागेला पूर्वी नव्हते ते मोल आले आहे. मोल आले की वाटणीचे तंटेही येतात. भाजे गावात एखादा वृद्ध मुसलमान दुकानदार आहे, असे समजू. एक मुलगा त्याच्या हयातीतच वारला आहे. त्या मुलाचा एक मुलगा आजोबांपाशीच वाढतो आहे. दुसरा मुलगा, एक विवाहित मुलगी आणि पत्नी हयात आहेत. उद्या हा दुकानदार निवर्तला तर त्या पोरक्या नातवाला काय मिळेल? शरियतीच्या नियमाप्रमाणे उत्तर आहे : वारस म्हणून काहीही नाही. हे उत्तर ऐकून अनेकांना धक्का बसतो आणि त्यात आश्चर्य नाही. तथापि हे उत्तर कोठून येते आणि त्यावर उपाय कोणता, हे पाहिले म्हणजे मृत्युपत्राला घातलेली एक तृतीयांशाची मर्यादा नेमकी कशासाठी आहे, तेही उलगडते.

हिशेबाचा क्रम ठरलेला आहे. अंत्यविधीचा खर्च आणि कर्ज प्रथम वजा होते. पत्नीचा न दिलेला मेहेर हेही कर्जच, ही गोष्ट वाटणीच्या वेळी पुष्कळदा सोयीस्करपणे विसरली जाते. त्यानंतर मृत्युपत्र आणि अखेरीस वारसांचे हिस्से. वारसांमध्ये प्रथम ज्यांचे अपूर्णांक कुराणातच सांगितले आहेत ते येतात. उदाहरणार्थ, पत्नीला अपत्य असल्यास एक अष्टमांश आणि नसल्यास एक चतुर्थांश. उरलेले मुलगा आणि मुलगी यांच्यात दोनास एक या प्रमाणात विभागले जाते. मुलीचा हिस्सा मुलाच्या निम्मा आहे, हा आक्षेप खरा आहे. पण तो हिस्सा मृत्युपत्राने पुसून टाकता येत नाही, हेही तितकेच खरे.

आपल्या दुकानदाराची घर, दुकान आणि ठेवी मिळून ३९ लाखांची मालमत्ता आहे असे धरू. (शेतजमीन मुद्दाम वगळली आहे, १९३७ च्या शरियत कायद्याने तिचा प्रश्न आपल्या कक्षेबाहेर ठेवला होता आणि तो स्वतंत्र विषय आहे.) कर्ज, मेहेर आणि अंत्यविधी यांत ३ लाख गेले. उरले ३६ लाख. पत्नीचा अष्टमांश साडेचार लाख. राहिलेल्या साडेएकतीस लाखांपैकी मुलाला २१ लाख आणि मुलीला साडेदहा लाख. नातवाच्या रकान्यात शून्य.

या शून्यामागे दोन तत्त्वे आहेत. हिंदू एकत्र कुटुंबात मुलाचा हक्क जन्मतःच निर्माण होतो. शरियतीत जिवंत माणसाला वारसच नसतो, वारसाहक्क त्याच्या मृत्यूच्या क्षणी उत्पन्न होतो. त्यामुळे बापाआधी वारलेल्या मुलापाशी पुढे देण्यासारखे काही नव्हतेच. दुसरे, जवळचा नातलग दूरच्याला वगळतो. काका हयात असताना पुतण्या आजोबांचा वारस होत नाही. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात आधी वारलेल्या मुलाचा मुलगा पहिल्या वर्गातच आहे. हा फरक दोन पद्धतींच्या मुळातलाच आहे.

येथे मृत्युपत्र उपयोगी पडते. सुन्नी हनफी पंथाच्या नियमाने मृत्युपत्राने वारसाला काही देता येत नाही; इतर वारसांनी संमती दिली तरच ते टिकते. म्हणून दुकानदाराने आवडत्या मुलाच्या नावे एक रुपयाही अधिक लिहिला तरी बहिणीला तो नाकारता येतो. नातू मात्र वारस नाही, आणि जो वारस नाही त्याच्यासाठीच तर हा एक तृतीयांश राखलेला आहे. मर्यादेचे मूळ प्रेषितांच्या एका परंपरेत आहे. साद इब्न अबी वक्कास हे मक्केत आजारी पडले असता त्यांनी आपली बहुतेक संपत्ती दान करण्याची इच्छा प्रकट केली. दोन तृतीयांश नको, निम्मी नको, असे सांगून एक तृतीयांशाला परवानगी मिळाली, तीही तो भाग पुष्कळच आहे अशा पुस्तीसह. कारण दिले गेले ते असे, की वारसांना लोकांपुढे हात पसरायला लावण्यापेक्षा त्यांना सुस्थितीत सोडणे बरे. अर्थात, मरणाराच्या पुण्यापेक्षा मागे राहणाऱ्यांची भाकर महत्त्वाची ठरली.

दुकानदाराने एक तृतीयांश, म्हणजे १२ लाख, नातवाला लिहून दिले, तर उरलेल्या २४ लाखांतून पत्नीला ३, मुलाला १४ आणि मुलीला ७ लाख मिळतील. नातवाचा बाप जगला असता आणि मृत्युपत्र नसते, तर त्या बापाच्या वाट्याला १२ लाख ६० हजार आले असते. म्हणजे नातवाची जवळजवळ संपूर्ण भरपाई झाली. मग दुकानदाराने उत्साहाच्या भरात निम्मे, म्हणजे १८ लाख, लिहिले तर? वरचे ६ लाख वारसांच्या संमतीवर अवलंबून राहतात, आणि हनफी नियमानुसार ती संमती मृत्यूनंतरच ग्राह्य असते. केवळ मुलीने होकार दिला, तर तिच्या हिश्शापुरते, म्हणजे पावणेदोन लाख, नातवाला जास्त मिळतील. बाकीचे सव्वाचार लाख पत्नी व मुलगा यांच्याकडेच राहतील.

हयातीत बक्षीस, म्हणजे हिबा, देण्यास ही मर्यादा नाही. पण हिब्यात ताबा प्रत्यक्ष द्यावा लागतो. कागद करून ठेवायचा आणि दुकानाच्या गल्ल्यावर मरेपर्यंत स्वतःच बसायचे, असा प्रकार झाला की तो हिबा न्यायालयात टिकणे कठीण. मरणाच्या दुखण्यात दिलेले बक्षीसही एक तृतीयांशापुरतेच मानले जाते.

ही बंधने मुंबईत सर्वांवर सारखी कधीच नव्हती. १८४७ मध्ये खोजा व मेमन मुलींनी वडिलांच्या इस्टेटीत कुराणोक्त हिस्सा मागितला, तेव्हा मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयात सर अर्स्किन पेरी यांनी जातीच्या रूढीला प्रमाण मानून तो नाकारला. रूढी हिंदू धर्तीची होती, आणि तिने त्या मुलींचा हक्कच गिळला. पुढे १९३७ च्या कायद्याने रूढी मागे सारली खरी, परंतु मृत्युपत्राची बाब त्याच्या तिसऱ्या कलमात व्यक्तीने स्वतः घोषणा करण्यावर सोडली. विशेष विवाह कायद्याखाली लग्न केलेल्यांना तर भारतीय उत्तराधिकार कायदाच लागू होतो आणि त्यात एक तृतीयांशाची अट नाही.

पोरक्या नातवासाठी इजिप्तने १९४६ मध्ये मृत्युपत्रांच्या कायद्यात सक्तीची तरतूद केली : आजोबांनी लिहिले नसले तरी बापाचा हिस्सा नातवाला द्यावा, मात्र एक तृतीयांशाच्या आत. आपल्या उदाहरणात त्याला नेमके १२ लाखच मिळाले असते. पाकिस्तानने १९६१ च्या वटहुकुमाने याहून पुढे जाऊन नातवंडांना बापाचा पूर्ण हिस्सा दिला. २००० मध्ये तेथील संघीय शरियत न्यायालयाने ते कलम शरियतीशी विसंगत ठरवले. इजिप्तची युक्ती अधिक शहाणपणाची म्हणावी लागेल, कारण तिने वारसांच्या दोन तृतीयांशाला हात न लावता परंपरेच्या चौकटीतच वाट काढली.

भारतात अशी सक्ती नाही. दुकानदाराने स्वतः काही केले नाही, तर घराच्या नमुना आठवर पत्नी, मुलगा आणि मुलगी एवढीच वारसांची नावे लागतील. मुसलमानाचे मृत्युपत्र तोंडी असले तरी चालते, त्यावर साक्षीदारांच्या सह्यांचीही कायद्याने गरज नाही. परंतु आजोबांनी तसे म्हटले होते, हे चुलत्याच्या विरोधात सिद्ध करण्याचे ओझे त्या नातवावर पडते, आणि तो अजून अज्ञान असेल तर ते त्याच्या आईवर, जिला स्वतःला सासऱ्याच्या इस्टेटीत वारस म्हणून काहीच नसते.